फ्रिजला आतलं तापमान कळतं कसं?

[दृश्य: अंधारं स्वयंपाकघर. दुहेरी दाराच्या फ्रिजच्या पॅनेलवर अक्षरं लुकलुकतात.]

पॅनेलवर Er rS असं लुकलुकतंय. आत दिवा लागतोय, कॉम्प्रेसरची घरघरही ऐकू येतेय. एलजीच्या फ्रिजवर या अक्षरांचा अर्थ आहे, खालच्या कप्प्याचा, म्हणजे फ्रिजचा, तापमान सेन्सर. Er FS दिसलं तर फ्रीझरचा, आणि Er dS दिसलं तर बर्फ वितळवण्याच्या यंत्रणेचा. दुसऱ्या कंपनीची अक्षरं वेगळी असतात, म्हणून कोडचा अर्थ त्या मॉडेलच्या पुस्तिकेतूनच लावायचा.

दर वेळी लुकलुकणं म्हणजे बिघाड असंही नाही. वीज बराच वेळ गेली की आतलं तापमान चढतं आणि काही फ्रिज आकडा लुकलुकवून तेवढंच सांगतात; काही तासांत तो आपोआप थांबतो. सॅमसंगच्या काही फ्रिजवर OF OF दिसतं. हा दुकानात मांडण्यासाठीचा मोड असतो: दिवे लागतात, थंडावा शून्य. चुकून दोन बटणं एकत्र दाबली गेली तरी तो सुरू होतो, आणि माणसं मेकॅनिकला फोन लावतात.

खरा कोड ओळखायचा असेल तर प्लग काढा, दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा लावा. तोच कोड परत आला तर दोष सेन्सरमध्ये, त्याच्या वायरीत किंवा कनेक्टरमध्ये शोधायचा.

[दृश्य: तळहातावर सेन्सर. शेंगदाण्याएवढी प्लास्टिकची टोपी, दोन बारीक वायरी.]

हा तो सेन्सर. टोपीच्या आत थर्मिस्टर नावाचा मणी आहे. थंडी वाढली की त्याचा विद्युतरोध वाढतो, ऊब वाढली की कमी होतो. फ्रिजच्या बोर्डाला थंडी-ऊब कळत नाही, त्याला हा रोध तेवढा कळतो. बऱ्याच फ्रिजमध्ये 25 अंशांना 5 किलो-ओहम असणारा सेन्सर असतो. तोच 4 अंशांना साधारण साडेअकरावर जातो, शून्याला चौदाच्या आसपास. बोर्ड हा आकडा वाचतो आणि कॉम्प्रेसर चालू ठेवायचा की थांबवायचा ते ठरवतो.

आता वायर तुटली तर? रोध अमर्याद होतो. बोर्डाच्या हिशेबाने आत अशक्य थंडी आहे, म्हणून तो या आकड्यावर विश्वास ठेवत नाही आणि कोड दाखवतो. दोन वायरी एकमेकींना चिकटल्या तरी तसंच, फक्त आकडा दुसऱ्या टोकाला. कोड दिसणारा फ्रिज म्हणूनच तसा सोपा. बरेच फ्रिज अशा वेळी सेन्सर बाजूला ठेवून ठरावीक वेळाने कॉम्प्रेसर चालवतात, आणि घरातलं अन्न तेवढ्यावर तग धरतं.

कोड न दाखवणारा फ्रिज जास्त छळतो.

[दृश्य: भाजीचा कप्पा. कोथिंबिरीची पानं काचेसारखी, कडक. बोट लावताच मोडतात.]

कोथिंबीर गोठली आहे. पॅनेल निवांत 4 दाखवतंय. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची: अनेक फ्रिजवर दिसणारा आकडा आपण ठरवून दिलेला असतो, आत प्रत्यक्ष किती आहे तो नव्हे.

झालंय असं की सेन्सरच्या टोपीला बारीक तडा गेला आणि त्यातून ओल आत शिरली. ओलीमुळे दोन वायरींमध्ये विजेला एक चोरवाट मिळाली. समजा या वाटेचा रोध 50 किलो-ओहम आहे. आत खरे 4 अंश आहेत, पण साडेअकराच्या जागी बोर्डाला साडेनऊच दिसतात. त्याच्या हिशेबाने आत 9 अंश आहेत. मग कॉम्प्रेसर थांबतच नाही. बोर्डाला 4 दिसेपर्यंत आत खरे उणे 2 झालेले असतात. आकडा पटण्यासारखा असल्यामुळे कोड काही येत नाही.

[दृश्य: मल्टिमीटर. ग्लासात ठेचलेला बर्फ.]

हा दोष पकडण्यात बहुतेक जण एकाच ठिकाणी चुकतात: सेन्सर काढून ओट्यावर ठेवतात आणि तिथेच मोजतात. खोलीत 25 अंशांना 50 किलोची चोरवाट पाचाचे साडेचार करते. मीटर पाहणारा म्हणतो, ठीक आहे, आणि बोर्ड किंवा गॅसच्या मागे लागतो. थंडीत मात्र सेन्सरचा स्वतःचा रोध वाढत जातो आणि चोरवाटेचा परिणामही वाढतो. म्हणून तपासणी थंडीतच करायची.

प्लग काढा. आतल्या भिंतीवरची जाळी किंवा झाकण काढून सेन्सरचा कनेक्टर सोडवा. ग्लासभर ठेचलेल्या बर्फात जेमतेम बर्फ बुडेल एवढंच पाणी घाला आणि ढवळा. हे मिश्रण शून्य अंशांवर राहतं. सेन्सरचं टोक त्यात बुडवा, वायरींची उघडी टोकं मात्र कोरडी ठेवा. पाच मिनिटांनी मीटरच्या 20 किलो-ओहमच्या रेंजवर मोजा. 5 किलोचा चांगला सेन्सर 13 ते 17 च्या दरम्यान कुठेतरी स्थिर होतो. नेमका आकडा मॉडेलनुसार बदलतो. आपल्या ओल्या सेन्सरवर मात्र 11 दिसतात, आणि आकडा डळमळतो. मापन पक्कं हवं असेल तर त्याच मॉडेलचा नवा सेन्सर शेजारी बुडवून दोघांची तुलना करा.

उलटा दोषही होतो. कनेक्टरच्या पिना गंजल्या की रोध वाढतो. कोकणासारख्या खाऱ्या, दमट हवेत ही शक्यता आधी तपासावी. वाढलेला रोध म्हणजे बोर्डाच्या लेखी जास्त थंडी. कॉम्प्रेसर लवकर थांबतो, दूध नासतं, आणि निदान होतं 'गॅस कमी झालाय'. म्हणून गॅस भरण्याआधी पिनांवर हिरवट थर आहे का ते पाहा.

[दृश्य: अगदी सारखे दिसणारे दोन सेन्सर शेजारी.]

यातला एक 5 किलोचा, दुसरा 10 किलोचा. दिसायला जुळे भाऊ. 5 च्या जागी 10 चा बसवला, तर आत 21 अंश असतानाच बोर्डाला 4 वाटतात आणि फ्रिज सुखाने बंद पडून राहतो. त्यामुळे दुकानात नुसता जुना सेन्सर दाखवू नका, फ्रिजचा मॉडेल नंबर सांगा.

वायर जोडताना नुसती काळी टेप नको. थंडीत तिचा चिकटपणा जातो आणि जोडाला ओल लागते. सोल्डर करून वर आकसणारी नळी चढवा, किंवा जेल भरलेला कनेक्टर वापरा. आजच्या अनेक फ्रिजमध्ये आर-600ए हा पेट घेणारा वायू असतो, त्यामुळे नळी आकसवायला लायटर नको, गरम हवेची गन घ्या. बर्फ साचला असेल तर सुरीने टोकरू नका. ॲल्युमिनियमच्या नळीला छिद्र पडलं की सेन्सरचं काम कॉम्प्रेसरच्या खर्चावर जातं.

[दृश्य: मधल्या फळीवर पाण्याचा ग्लास, त्यात थर्मामीटर.]

सेन्सर बसवल्यावर पॅनेलकडे पाहू नका. मधल्या फळीवर पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर ठेवा आणि रात्रभर दार उघडू नका. सकाळी पारा 3 ते 5 च्या दरम्यान असेल, तर कोथिंबीर आत ठेवायला हरकत नाही.