फूटबोर्डवरचा कुत्रा, मागच्या सीटवरचा पट्टा

श्रोतेहो, नमस्कार.

मी पुण्यात गेली अठरा वर्षे मोटार चालवायला शिकवतो, आणि घरात चौदा किलो वजनाचा एक गावठी कुत्राही पाळतो. आठ वर्षांपूर्वी त्याला लसीकरणासाठी स्कूटरच्या फूटबोर्डवर उभा करून मी कोथरूडहून निघालो. साखळी हातातून सुटू नये म्हणून तिचे दोन वेढे डाव्या मनगटाला घेतले होते. एका गल्लीच्या तोंडाशी दुसरा कुत्रा भुंकला आणि आमच्या कुत्र्याने डावीकडे झेप घेतली. वेग वीसच्या आसपास असेल. मनगट खेचले गेले, मनगटाबरोबर हँडल वळले, आणि पुढच्याच क्षणी स्कूटर माझ्या गुडघ्यावर होती. कुत्र्याच्या पंजाची कातडी सोलली होती. लस बाजूलाच राहिली. डॉक्टरांना आधी त्याचा पंजा पाहावा लागला.

दुसऱ्यांना शिकवणाऱ्या माणसाने हे करावे याची लाज पुष्कळ दिवस वाटली. पण नेमके काय चुकले हे त्यानंतर मी नीट तपासले. गिअर नसलेल्या स्कूटरला डाव्या हाताशी मागच्या चाकाचा ब्रेक असतो. ज्या हाताने थांबायचे, तोच हात मी साखळीला बांधून टाकला होता. शिवाय फूटबोर्डवरचा कुत्रा पुढचे पाय उचलून हँडलच्या खालच्या भागावर टेकवतो आणि आपले गुडघे फाकलेले राहतात, त्यामुळे सावरण्यासाठी पाय पटकन जमिनीवर टेकता येत नाही. शंभर-एकशेदहा किलोच्या स्कूटरवर चौदा किलोचे ओझे फारसे नाही, पण ते ओझे स्वतःच्या मर्जीने, आणि नेमके वळणावर, जागा बदलते. पिशवीभर बटाटे फूटबोर्डवर ठेवले तर ते निदान भुंकणाऱ्या कुत्र्याकडे झेपावत नाहीत.

म्हणून मोठा कुत्रा दुचाकीवर नेऊच नये असे माझे मत आहे, आणि यात मी सूट देत नाही. मांजर किंवा चार-पाच किलोचे पिल्लू असेल, तर चेन लागणारी, जाळीची हवेशीर पिशवी घ्यावी आणि ती मागे बसलेल्या माणसाने आपल्या मांडीवर धरावी. पिशवीच्या आत एक आखूड पट्टी असते, ती जनावराच्या छातीभोवतीच्या पट्ट्याला, म्हणजे हार्नेसला, अडकवावी. चेन उघडी राहिली तरी जनावर बाहेर पडत नाही. चालवणाऱ्याने पिशवी छातीशी बांधू नये, कारण हात वळवताना कोपर अडते आणि आत हालचाल झाली की नजर खाली जाते.

आता मोटारीकडे वळू. येथे पडण्याची भीती नसल्यामुळे आपण निर्धास्त होतो आणि कुत्रा मागच्या सीटवर मोकळा सोडतो. धडकेची गोष्ट पुढे सांगतो. तिच्याआधी त्रास होतो तो लक्ष विचलित होण्याचा. मोकळा कुत्रा दोन पुढच्या सीटच्या मधल्या फटीतून डोके पुढे काढतो, आपण त्याला मागे ढकलायला हात वळवतो, आणि ही गोष्ट साधारण दोन सेकंदांत होते. ताशी चाळीसच्या वेगाने दोन सेकंदांत गाडी बावीस मीटर पुढे गेलेली असते, म्हणजे एका पाठोपाठ उभ्या असलेल्या पाच मोटारींच्या लांबीइतके अंतर आपण न बघता कापतो. मांजर याहून वाईट, कारण घाबरलेले मांजर अंधारी जागा शोधते आणि ती जागा बहुधा ब्रेकच्या पेडलखाली सापडते.

मांडीवर कुत्रा घेऊन गाडी चालवणारेही दिसतात. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 125 नुसार चालकाच्या ताब्यात अडथळा येईल अशा जागी कोणाला बसू देणे किंवा काही ठेवणे मना आहे. मांडीवरचे जनावर या वाक्यात अगदी आरामात बसते. चालकाशेजारच्या सीटवर कुत्रा बसवणेही मी टाळतो, कारण धडकेत उघडणारी एअरबॅग माणसाच्या उंचीचा विचार करून बसवलेली असते.

धडकेचा हिशेब असा आहे. ताशी चाळीसने चालणारी गाडी एकदम थांबली, तर मोकळा कुत्रा त्याच वेगाने पुढे जातो. हा वेग सहा मीटरहून थोड्या अधिक उंचीवरून पडल्यावर येणाऱ्या वेगाइतका आहे. चौदा किलोच्या कुत्र्याला तीस सेंटिमीटरमध्ये थांबवायचे, तर जवळपास तीनशे किलो वजनाइतकी ओढ लागते. मागे बसलेल्या कोणाच्याही कवेत ती ताकद नाही. हीच ओढ गळपट्ट्यावर आली तर मान वाचणार नाही, म्हणून साखळी कधीही गळपट्ट्याला अडकवून सीटला बांधू नये. छाती आणि खांद्यांभोवती बसणारा रुंद पट्ट्यांचा हार्नेसच हवा.

हार्नेस घेतला म्हणजे काम झाले असेही नाही. अमेरिकेतील सेंटर फॉर पेट सेफ्टी या संस्थेने 2013 मध्ये हार्नेसच्या धडक-चाचण्या केल्या, तेव्हा कुत्र्याच्या बाहुल्यांना सीटवर रोखून धरण्यात बहुतेक हार्नेस कमी पडले. बांधायची पट्टी लांब असेल तर कुत्रा अर्धा प्रवास हवेतच करतो. रबरासारखी ताणणारी पट्टी दिसायला मऊ आणि दयाळू वाटते, पण ती तर आणखीच लांब होते.

पट्टी अडकवायची कुठे, यावर लोक गडबडतात. सीटबेल्ट सरळ हार्नेसच्या कडीतून ओवला तर एक गंमत होते: बेल्ट हिसक्याने ओढला तरच अडकतो, हळूहळू ओढला तर तो सुटत जातो, आणि कुत्र्याला हे दोन दिवसांत समजते. आमचा कुत्रा असाच सावकाश सरकत माझ्या खांद्यापर्यंत पोहोचला होता. दुसरा प्रकार म्हणजे बेल्टच्या खाचेत खट्कन बसणारी पट्टी. तिच्याबाबत लाल बटणावर पंजा पडून ती सुटण्याची शक्यता असते. अलीकडच्या बऱ्याच मोटारींत मागच्या सीटच्या पाठ आणि बैठक यांच्यामधल्या फटीत लहान मुलांच्या सीटसाठी लोखंडी कड्या असतात. हार्नेसची पट्टी तिथे मजबूत लोखंडी हुकाने अडकवली, तर हे दोन्ही प्रश्न राहत नाहीत. लांबी इतकीच ठेवावी की कुत्रा बसू शकेल आणि लोळू शकेल, पण त्याचे नाक पुढच्या दोन सीटच्या फटीपर्यंत पोहोचणार नाही. गाडी उभी असताना कुत्र्याला पुढून खाऊ दाखवून हे तपासता येते.

मांजरासाठी कडक पेटी घ्यावी आणि ती चालकाशेजारच्या सीटच्या मागे, खाली पाय ठेवण्याच्या जागेत बसवावी. नंतर पुढची सीट मागे सरकवून पेटीला टेकवावी, म्हणजे ती दोन्हीकडून दाबून राहते. पेटी सीटवर ठेवून बेल्टने आवळणे सुरक्षित वाटते. परंतु त्यासाठी न बनवलेली प्लॅस्टिकची पेटी धडकेत त्याच बेल्टखाली चिरडली जाऊ शकते.

आणि गाडी थांबल्यावर घाई करू नये. आमच्या घरी क्रम ठरलेला आहे: इंजिन बंद, खिडक्या वर, मग आतल्या आतच फिरायची साखळी हार्नेसला लावायची, ती हाताला नीट धरायची, त्यानंतर सीटचा हुक सोडायचा आणि सर्वांत शेवटी दार उघडायचे. मनगटाला मात्र वेढे घ्यायचे नाहीत.