लिंबाचं कुठलं पान पिवळं पडलंय?

नमस्कार श्रोतेहो.

मोठ्या कुंडीतलं लिंबाचं झाड पिवळट दिसायला लागलं, की बहुतेकांचा हात आधी खताकडे जातो. बऱ्याचदा चूक होते ती इथंच. लिंबाची पानं उपासमारीनं पिवळी पडतात हे खरं, पण मुळांशी पाणी साचलं तरी ती पिवळी पडतात, कुंडीतली माती अल्कधर्मी झाली तरी पडतात, आणि कडाक्याच्या थंडीत मुळांचं काम मंदावलं तरीही पडतात. यातल्या उपासमारीवर खत हा उपाय आहे. बाकीच्या तिन्ही वेळी वरून घातलेलं खत झाडाला घेताच येत नाही, ते मातीत साठत जातं आणि मुळं भाजतात. म्हणून खत नि छाटणी या दोन्हींबद्दल आज बोलायचंच आहे, पण सुरुवात पानापासून करू या.

झाडाजवळ जा आणि एकच गोष्ट पाहा: पिवळी पानं फांदीवर नेमकी कुठं आहेत? खालची जून पानं पिवळी आहेत, की शेंड्याकडची कोवळी? नत्र आणि मॅग्नेशियम ही द्रव्यं झाडाला जुन्या पानांतून काढून नव्या पानांकडे नेता येतात. त्यामुळे त्यांची कमतरता आधी जुन्या पानांवर दिसते. लोह आणि जस्त मात्र जुन्या पानात जिथं बसले तिथंच राहतात, फारसे हलत नाहीत. ते कमी पडले की नवी नवतीच फिकट निघते. एवढी एक खूण समजली, तरी निम्मं निदान झालं.

जून पान सगळं सारखंच फिकट हिरवं, मग पिवळं होत असेल तर नत्र कमी आहे. जून पानाच्या कडा पिवळ्या झाल्या आहेत, पण देठाकडे हिरवा, टोकाकडे निमुळता होत जाणारा त्रिकोण उरला आहे, तर मॅग्नेशियम कमी आहे. कोवळं पान पिवळं, पण त्याच्या शिरांची बारीक जाळी हिरवीगार उठून दिसते, तर लोह मिळत नाही. कोवळं पान लहान, अरुंद, दोन शिरांच्या मधे पिवळे ठिपके आणि पानं शेंड्याला गुच्छासारखी दाटलेली, तर जस्त.

आता वेगळं चित्र पाहा. पानाच्या मुख्य शिरा आधी पिवळ्या होतात, बाकीचं पान त्यामानानं हिरवं असतं, पानं मलूल लोंबतात आणि माती मात्र ओली असते. इथं दोष मुळांचा आहे, खताचं नावही काढू नका. मातीत बोट घालून पाहण्यापेक्षा एक कोरडी काडी 15 सेंटिमीटर आत खुपसा आणि दहा मिनिटांनी काढा. वरची माती सुकलेली आणि काडीचं टोक चिखलानं माखलेलं निघालं, तर पाण्याचा निचरा होत नाही. कुंडीच्या कडेनं थोडी माती उकरून एक बारीक मूळ बाहेर काढा आणि दोन बोटांत हलकंच ओढा. निरोगी मूळ फिकट बदामी, घट्ट असतं. कुजलेल्या मुळाची तपकिरी साल सुटून बोटांत येते आणि आतला दोऱ्यासारखा गाभा तेवढा उरतो. असं झालं असेल तर झाड कुंडीतून काढावं, कुजलेली मुळं निरोगी भागापर्यंत कापावीत, भोकं मोकळी करावीत आणि भुसभुशीत मातीत पुन्हा लावावं. दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं कंपोस्ट आणि एक भाग जाड वाळू हे मिश्रण चालतं. जितकी मुळं गेली, साधारण तितकाच वरचा पसाराही हलका करावा. नवी पालवी फुटेपर्यंत खत नाही.

कुंडीतल्या लिंबावर सगळ्यांत जास्त फसवणारं पिवळेपण मात्र लोहाचं असतं, म्हणून ते एका उदाहरणातून नीट पाहू. समजा, 45 सेंटिमीटर रुंदीची, साधारण 50 लिटर मातीची कुंडी आहे. चार वर्षांचं कलमी झाड आहे आणि त्याला विहिरीचं किंवा बोअरचं जड पाणी घालतात. पावसाळ्यानंतर आलेली नवती पिवळी निघाली, शिरा हिरव्या आहेत. मालकानं शेणखत वाढवलं, मग हाडांचा चुराही घातला. पुढची नवती आणखी पिवळी, जवळजवळ पांढरट आली.

असं का झालं? मातीत लोह असतंच. पण मातीचा सामू, म्हणजे ती आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा, सातच्या वर गेला की ते अशा रूपात जातं की मुळांना घेता येत नाही. जड पाण्यात बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. त्या पाण्यानं रोज कुंडी भरली की महिन्यामहिन्यानं सामू वर सरकतो. शेतात हा परिणाम मोठ्या जमिनीत विरतो, पण कुंडीत विरायला जागाच नाही. हाडांच्या चुऱ्यातलं चुनखडीसारखं द्रव्य सामू आणखी वाढवतं आणि जादा स्फुरद लोहाला व जस्ताला अडवून धरतं. म्हणजे भुकेल्या झाडाला जेवण वाढायचं म्हणून जे घातलं, त्यानंच वाट बंद केली.

दुरुस्ती या क्रमानं करावी. आधी सामू मोजावा. एक भाग माती आणि दोन भाग ऊर्ध्वपातित पाणी किंवा पावसाचं पाणी ढवळून अर्धा तास ठेवावं आणि सामूची पट्टी बुडवावी. लिंबाला 6 ते 6.5 मानवतो. समजा, पट्टी साडेसातच्या पुढे दाखवते. आता चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपात बांधून ठेवलेलं लोह आणायचं, पण डब्यावरचं नाव वाचून. ईडीटीए रूपातलं लोह साडेसहाच्या आसपासच्या सामूपर्यंत टिकतं, त्यापुढे लवकर निकामी होतं. अशा मातीला ईडीडीएचए रूपातलंच हवं, ते बऱ्याच वरच्या सामूतही टिकतं. 50 लिटरच्या कुंडीला 5 ग्रॅम पुरे. ते 5 लिटर पाण्यात विरघळवा, पाणी गडद लालसर होईल. उन्हानं ते बिघडतं, म्हणून संध्याकाळी ओल्या मातीवर ओता आणि वरून थोडं साधं पाणी घाला, म्हणजे ते मुळांपर्यंत उतरेल. सहा आठवड्यांनी गरज वाटली तर पुन्हा द्या.

लोह दिलं, पण पाणी तसंच राहिलं, तर तीन महिन्यांनी दुखणं परत येतं. म्हणून पाणीही सुधारावं. पावसाचं पाणी साठवता आलं तर उत्तम. नसेल तर 10 लिटर जड पाण्यात 2 ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवून सामू पाहावा. सहा ते साडेसहा आला की ते पाणी वापरण्याजोगं. खाली गेला तर पुढच्या वेळी प्रमाण कमी करा. अंदाजानं आम्ल ओतू नका. जुनी पिवळी पानं कदाचित पूर्ण हिरवी होणार नाहीत, त्यांच्यावरून यश मोजू नका. पुढची नवती कशी निघते, हीच खरी परीक्षा.

जस्ताची खूण दिसली, तर जमिनीतून देण्यापेक्षा फवारा बरा. एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम झिंक सल्फेट आणि अडीच ग्रॅम विझवलेला चुना. नवती पूर्ण आकाराच्या दोनतृतीयांश झाली की, सकाळी किंवा संध्याकाळी, पानाच्या दोन्ही बाजू भिजतील असा फवारावा. मॅग्नेशियमसाठी लिटरभर पाण्यात 10 ग्रॅम एप्सम सॉल्ट, पंधरा दिवसांच्या अंतरानं दोनदा. मात्र पालाश फार दिल्यानंही मॅग्नेशियम कमी पडतं, तेव्हा ते आधी तपासा.

आता नेहमीच्या खताबद्दल. कुंडीतलं नत्र पाण्याबरोबर भोकांतून वाहून जातं, म्हणून एकदम भरपूर देण्यापेक्षा थोडं थोडं वरचेवर द्यावं. झाड वाढत असताना त्या 50 लिटरच्या कुंडीला दर पंधरवड्याला 7 ग्रॅम अमोनियम सल्फेट 5 लिटर पाण्यातून. त्यानं नत्र मिळतं आणि सामूही थोडा खाली येतो. सामू आधीच सहाच्या खाली असेल तर मात्र हे खत टाळा. फळं लागलेली असताना महिन्यातून एकदा 5 ग्रॅम पोटॅशियम सल्फेट. वर्षातून दोनदा दीड किलो कुजलेलं कंपोस्ट वरच्या मातीत मिसळावं, खोडापासून चार बोटं लांब. कोरड्या मातीवर रासायनिक खत कधीच घालू नये, आधी पाणी. कडाक्याच्या थंडीत खत थांबवावं. थंड मातीत मुळं अन्न उचलत नाहीत, तेव्हा आलेलं फिकटपण ऊब वाढली की आपोआप सावरतं.

खत जास्त झालं, तर पानांची टोकं करपतात आणि कुंडीच्या कडेला पांढरी खपली दिसते. ही खपली खरवडून काढावी आणि कुंडीच्या दुप्पट, म्हणजे 100 लिटर पाणी, दिवसभरात थोडं थोडं सोडून माती धुवावी. पाणी खालून मोकळं वाहतं आहे ना, हे आधी पाहावं. धुण्यात नत्रही जातं, म्हणून दोन आठवड्यांनी खत पुन्हा अर्ध्या मात्रेनं सुरू करावं.

छाटणी शेवटी घेतली, कारण कुजलेली मुळं कापावी लागली ती वेळ सोडली, तर आजारी, पिवळ्या झाडाची छाटणी करूच नये. पानांत झाडाचा साठा असतो, तोच कापून टाकला जातो. झाड हिरवं झालं, फळं उतरली आणि थंडी सरली की कात्री हातात घ्यावी. सगळ्यांत आधी कलमाचा जोड शोधा. खोडावर बुंध्याजवळ फुगीर गाठ दिसते. तिच्या खालून फुटलेला प्रत्येक फुटवा खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या झाडाचा आहे. तो कोवळा असतानाच बुडापासून तोडावा. पानं तीन पर्णिकांची दिसली तर शंकाच नको. मग पानसोट पाहा: सरळ वर जाणारे, जाड, कोनी आणि मोठ्या काट्यांचे सोट. तेही बुडापासून काढावेत, जागा रिकामी असेल तर मात्र एखादा अर्ध्यावर कापून ठेवावा. सुकलेल्या आणि एकमेकींना घासणाऱ्या फांद्या काढल्या की बाकी फार काही नसतं. लांब फांद्या एकतृतीयांश, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या वर आखूड कराव्यात. एका वेळी पाव पसाऱ्याहून जास्त काढू नये. उघडं पडलेलं खोड कडक उन्हात भाजतं, तिथं पाण्यात कालवलेला चुना लावावा.

छाटणीनंतर जोरदार नवती फुटते आणि तिच्यावर नागअळी येते. पानात चंदेरी, नागमोडी रेषा दिसतात. मोठ्या झाडाला त्यानं विशेष बिघडत नाही, ती पानं ओरबाडून काढू नयेत, कारण त्यांचा हिरवा भाग अजून काम करत असतो.

आणि लोह दिल्यावर, पाणी सुधारल्यावर आलेल्या सलग दोन नवत्याही पिवळ्याच निघाल्या, तर अजून औषध शोधत बसू नका. कुंडी आडवी करा, झाड अलगद बाहेर काढा आणि मुळांचा गोळा पाहा. मुळं कुंडीच्या भिंतीला घट्ट वेटोळे घालून बसली असतील, तर गोळ्याच्या कडेची तीन-चार सेंटिमीटर मुळं धारदार सुरीनं कापावीत, नवी माती भरून त्याच कुंडीत परत लावावं, आणि नवं पान हिरवं निघेपर्यंत फक्त पाणी द्यावं.