सिंगापूरची घड्याळे आणि पोस्टपेडचे बिल

श्रोतेहो, नमस्कार. परदेश प्रवासाहून परतल्यावर पोस्टपेड मोबाईलचे बिल नेहमीपेक्षा वीस-तीस पट येते, तेव्हा बहुतेक ग्राहक कंपनीला रागाने पत्र लिहितात, आणि त्या पत्राला ‘आकारणी नियमानुसार योग्य आहे’ असे एका ओळीचे उत्तर येते. हे उत्तर कंपनीला देता येते, कारण पत्रात बिल जास्त आहे एवढेच म्हटलेले असते. कोणती नोंद चुकीची आहे, हे म्हटलेले नसते. आज आपण अशा बिलातील एकाच प्रकारच्या चुकीचा विचार करू, आणि तिच्याविरुद्ध तक्रारीचे पत्र कसे लिहावे ते पाहू.

उदाहरण म्हणून पुण्याच्या एका गृहस्थांचा प्रवास घेऊ. हिशेब सोपा जावा म्हणून आकडे मी ठरवले आहेत. त्यांनी सिंगापूरला जाताना दहा दिवसांचा आंतरराष्ट्रीय रोमिंग पॅक घेतला. ‘पॅक 4 मार्चला सायंकाळी 6 वाजता सुरू झाला, मुदत 14 मार्च सायंकाळी 5 वाजून 59 मिनिटांपर्यंत’ असा कंपनीचा संदेश त्यांच्याकडे आहे, आणि त्या संदेशात ही वेळ भारतीय प्रमाणवेळ असल्याचे स्पष्ट लिहिले आहे. 14 मार्चला ते सिंगापूरच्या विमानतळावर बसून घरी छायाचित्रे पाठवत होते, आणि तिथल्या घड्याळाप्रमाणे सव्वाआठ वाजता त्यांनी फोन विमान-मोडवर टाकला. पुढच्या बिलात त्या दिवशीच्या चार डेटा नोंदी पॅकबाहेर धरलेल्या दिसल्या: 18:12, 18:47, 19:30 आणि 20:05. चारही मिळून 48 एमबी, दर एमबीला 500 रुपये, म्हणजे 24,000 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी 4,320 रुपये, एकूण 28,320 रुपये.

वरवर पाहता कंपनीचे बरोबर वाटते, कारण पॅक सहाच्या सुमारास संपला आणि नोंदी सहानंतरच्या आहेत. पण सिंगापूरचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असते. या वेळा सिंगापूरच्या असतील, तर भारतीय वेळेप्रमाणे त्या 15:42, 16:17, 17:00 आणि 17:35 होतात, म्हणजे चारही नोंदी मुदतीच्या आतल्या ठरतात. असे होऊ शकते, कारण परदेशातील वापराची नोंद आपली कंपनी करत नाही. ती तिथल्या भागीदार नेटवर्ककडे होते आणि नंतर ‘टॅप’ नावाच्या ठराविक स्वरूपाच्या फाइलमधून भारतातील कंपनीकडे येते. त्या फाइलमध्ये स्थानिक वेळ असते, आणि ती जागतिक वेळेपेक्षा किती पुढे किंवा मागे आहे याचीही नोंद असते. बिल काढताना हा फरक लक्षात न घेता स्थानिक वेळ थेट पॅकच्या भारतीय मुदतीशी ताडली, की भारताच्या पूर्वेकडील देशांतून परतणाऱ्याचे शेवटचे काही तास पॅकबाहेर फेकले जातात. दुबईसारख्या पश्चिमेकडील ठिकाणी हीच चूक उलट लागते आणि पॅकचे सुरुवातीचे तास बाहेर पडू शकतात.

मात्र बिलावरील वेळा खरोखरच स्थानिक आहेत की कंपनीने आधीच भारतीय वेळेत बदललेल्या आहेत, हे गृहीत धरू नये. ते तपासण्याचा एक साधा मार्ग आहे. प्रवासात घरी केलेला एखादा फोन तपशीलवार बिलात शोधावा, आणि तोच फोन घरच्यांच्या मोबाईलवर किती वाजता आला ते पाहावे. घरच्या मोबाईलवर 16:20 असेल आणि बिलावर 18:50, तर बिलातील वेळ सिंगापूरची आहे. दोन्हीकडे 16:20 असेल, तर मुद्दा निकालात निघाला. वापर खरोखरच मुदतीनंतरचा आहे, आणि या आधारावर तक्रार करण्यात अर्थ नाही. तसेच पॅकमधला डेटा मुदतीआधीच संपला होता का, हेही आधीच पाहून घ्यावे, कारण तसे असल्यास वेळेचा युक्तिवाद उपयोगाचा नाही.

आता पत्र. ते ग्राहक सेवेवर फोन करून तक्रार नोंदवल्यानंतर आणि डॉकेट क्रमांक मिळाल्यानंतर ईमेलने पाठवावे, म्हणजे दोन्हींचा पुरावा राहतो. मजकूर साधारण असा असावा:

‘महोदय, माझ्या मार्च महिन्याच्या बिलातील रोमिंग डेटाच्या चार नोंदींची आकारणी मी नाकारत आहे. या नोंदींच्या वेळा सिंगापूरच्या स्थानिक आहेत. त्याच बिलातील माझ्या एका कॉलची वेळ आणि तो कॉल घेणाऱ्या मोबाईलवरील वेळ यांत अडीच तासांचा फरक आहे, त्यावरून हे दिसते. दोन्हींची चित्रे जोडली आहेत. भारतीय वेळेत बदलल्यास चारही नोंदी आपण कळवलेल्या पॅक मुदतीच्या आत येतात. भागीदार नेटवर्ककडून आलेल्या मूळ नोंदींतील स्थानिक वेळ आणि वेळेचा फरक तपासून 24,000 रुपये व त्यावरील 4,320 रुपये जीएसटी वजा करावा. बिलातील उर्वरित रक्कम मी आज भरली आहे. वादग्रस्त रकमेसाठी विलंब शुल्क लावू नये आणि सेवा खंडित करू नये.’

या मजकुरात माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे वाक्य मूळ नोंदींबद्दलचे आहे, कारण ‘आमच्या प्रणालीत असेच दिसते’ हे उत्तर त्यामुळे अपुरे पडते. ‘परदेशी नेटवर्कने पाठवले तेच आम्ही लावले’ असे उत्तरही येऊ शकते, पण आपला करार भारतातील कंपनीशी आहे, परदेशी नेटवर्कशी नाही. उर्वरित रक्कम भरल्याचा उल्लेख यासाठी, की आपण बिल बुडवत नाही हे कागदावर राहावे. बँकेतून आपोआप बिल भरण्याची सोय असेल, तर देय तारखेआधी ती थांबवावी, नाहीतर वादातील रक्कमही खात्यातून निघून जाते आणि ती परत मिळवण्याची धावपळ आपल्या वाट्याला येते.

बिलाविषयीच्या तक्रारीचा निकाल कंपनीने ठरलेल्या मुदतीत लावणे अपेक्षित आहे. उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे 30 दिवसांत अपील करता येते. त्याला शुल्क नाही, आणि 39 दिवसांत त्याचा निर्णय व्हावा अशी तरतूद दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या 2012 च्या नियमांत आहे. अनेक जण थेट त्या प्राधिकरणाला पत्र लिहितात, पण ते वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही. अपीलही फेटाळले गेले तर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग खुला आहे. दूरसंचार कंपनीविरुद्ध तिथे दाद मागता येत नाही, असा युक्तिवाद पूर्वी केला जात असे, पण सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये तो अमान्य केला. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, त्यामुळे आपल्या या गृहस्थांना पुण्याबाहेर जाण्याची गरज नाही.

कंपनीने चूक मान्य केली, तर पुढच्या बिलात वजावट दिसते. ती पाहताना 24,000 रुपयांबरोबर जीएसटीचे 4,320 रुपयेही वजा झाले आहेत का, आणि मधल्या काळात विलंब शुल्क लागले असल्यास तेही मागे घेतले आहे का, हे पाहावे. नसेल तर त्याच डॉकेट क्रमांकाचा उल्लेख करून पुन्हा लिहावे. नमस्कार.