कोथिंबीर नको, भाजी राहू दे

(नाशिकमध्ये गंगापूर रोडवरच्या ज्येष्ठांच्या एका कट्ट्यावर मोबाइल रिचार्जचं दुकान चालवणाऱ्या गृहस्थांनी केलेल्या भाषणाचं हे संपादित शब्दांकन.)

मंडळी, मला काउंटरमागे उभं राहून बोलायची सवय आहे, माईकसमोर नाही. तेव्हा तुम्ही गिऱ्हाईक आहात असं समजूनच बोलतो. विषय एवढाच: मोबाइलचं रिचार्ज चालू ठेवून सिनेमाच्या ॲपपायी खात्यातून जाणारे पैसे कसे थांबवायचे.

गोदाघाटावर बुधवारच्या बाजारात भाजी घेतली की मावशी वर कोथिंबिरीच्या चार काड्या टाकते. तुम्ही म्हणालात, "कोथिंबीर नको, दोन रुपये कमी कर," तर ती तुमच्याकडे बघून हसेल. काड्या पिशवीत टाकणं किंवा तिथेच ठेवून जाणं एवढंच तुमच्या हातात असतं, भाजीचा भाव तोच राहतो. रिचार्जबरोबर मिळणारं सिनेमा-मालिकांचं ॲप ही अशीच कोथिंबीर आहे. ८४ दिवसांचा पॅक घेतला, त्यात कॉल, रोजचा डेटा आणि एखादं ॲप. किंमत एकच. त्यातलं ॲप काढून टाकलं म्हणून पैसे परत येत नाहीत. आणि ते तुम्ही कधी उघडलंच नाही, तर त्यापायी जास्तीचे पैसेही जात नाहीत.

म्हणून दुकानात येऊन कुणी म्हणतं, "तो प्लॅन कॅन्सल कर," तेव्हा मी आधी हात जोडतो. प्रीपेडचा पॅक एकदा लागला की लागला. बंद करायचंय ते प्लॅनमधलं नव्हे. खात्यातून पैसे ओढणारं काहीतरी दुसरंच असतं, ते आधी शोधायचं.

इंदिरानगरच्या एक काकू आहेत. ३ जूनला त्यांनी ८४ दिवसांचं रिचार्ज मारलं, म्हणजे २५ ऑगस्टपर्यंत निश्चिंती. त्यात एक ॲप होतं, पण फक्त मोबाइलवर चालणारं. बरोबर मिळणारी पुष्कळ ॲपं अशीच असतात, लहान पडद्यापुरती. १२ जूनला नातवाला मॅच टीव्हीवर बघायची होती. ॲपनं सांगितलं, टीव्हीसाठी अपग्रेड करा. नातवानं काकूंच्याच फोनवर दोन बटणं दाबली, काकूंनी पिन टाकला, १४९ रुपये गेले. मॅच बघून झाली, विषय संपला असं घरात सगळ्यांना वाटलं.

१० जुलैला काकू दुकानात हजर. मोबाइल पुढे केला. मेसेज होता की १२ तारखेला १४९ रुपये कापले जातील. असा मेसेज किमान २४ तास आधी यायलाच हवा, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि ग्राहकाच्या दृष्टीनं तो फार मोलाचा आहे. काकू म्हणाल्या, "अरे, ते सिनेमाचं बंद कर. पण रिचार्जला हात लावू नकोस, अजून सेहेचाळीस दिवस बाकी आहेत."

त्यांनी आपल्या परीनं उपाय करून पाहिलेला होता. ॲप फोनमधून काढून टाकलं होतं. ही सर्वांत जास्त होणारी चूक. ॲप काढलं म्हणजे फोनवरचं चित्र गेलं, बँकेला दिलेली परवानगी तशीच राहिली. दुधाचा रतीब बंद करायचा तर गवळ्याला सांगावं लागतं, भांडं लपवून कसं चालेल?

मग आम्ही ते ॲप परत घेतलं, त्याच नंबरनं आत गेलो. प्रोफाइलमध्ये सबस्क्रिप्शनचं पान उघडलं. तिथे दोन गोष्टी दिसल्या: एक रिचार्जबरोबर मिळालेली, दुसरी विकत घेतलेली. विकत घेतलेलीच्या पोटात Cancel होतं. ते दाबल्यावर ॲप सहजासहजी सोडत नाही. कारण विचारतं, सवलत देऊ करतं, राहा म्हणणारं बटण मोठं आणि रंगीत, जा म्हणणारं बारीक आणि करडं. सदस्यत्वात अडकवून ठेवण्याच्या अशा युक्त्यांना आपल्याकडे २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं मार्गदर्शक तत्त्वं काढून मनाई केली आहे. तरी बटणाचे रंग अजून तुम्हालाच ओळखावे लागतात. शेवटपर्यंत जा. रद्द झालं की नाही, हे त्याच पानावर कळतं: आधी पुढच्या नूतनीकरणाची तारीख असायची, आता तिथे संपण्याची तारीख लिहिलेली दिसते.

कधीकधी ॲपमध्ये रद्द करायचं बटण सापडतच नाही. तेव्हा घाबरू नका. पैसे बहुधा प्ले स्टोअरमार्फत गेलेले असतात. प्ले स्टोअर उघडून वर उजवीकडे आपल्या गोल चित्रावर बोट ठेवा, पैसे आणि सदस्यत्वांचा भाग उघडा, तिथे ॲपचं नाव असेल. आयफोनवाल्यांनी सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर आपलं नाव असतं त्यावर दाबायचं, आत सबस्क्रिप्शन मिळेल.

काकूंचं पुढचं काम मी सावकाश केलं, कारण घोळ होतो तो इथेच. ज्या यूपीआय ॲपनं पैसे गेले ते उघडलं, प्रोफाइलमधून Autopay हा भाग काढला. तुम्ही दिलेल्या सगळ्या कायमस्वरूपी परवानग्या तिथे ओळीनं असतात. काकूंच्या यादीत दोन होत्या. एक सिनेमावाल्या ॲपची. दुसरी रिचार्जची, पुण्याच्या मुलानं लावून दिलेली, म्हणजे २५ ऑगस्ट आली की आपोआप पुढचं रिचार्ज व्हावं.

दोन्ही नावं मात्र जुळ्या भावांसारखी असू शकतात. जिओ आणि जिओहॉटस्टार, एअरटेल आणि एअरटेल एक्स्ट्रीम प्ले. ओळीत नाव पुरतं मावलं नाही की पहिली चार अक्षरंच दिसतात. म्हणून नुसत्या नावावर जाऊ नका, त्या ओळीवर बोट ठेवून आत शिरा. तिथे किती दिवसांनी पैसे जाणार, पुढची तारीख आणि मागे गेलेली रक्कम दिसते. काकूंची एक परवानगी दरमहा १२ तारखेची, १४९ गेलेली, ती सिनेमाची. दुसरी ऑगस्टअखेरची, मोठ्या रकमेची, ती रिचार्जची. तारीख आणि रक्कम जुळली की मगच रद्द करायचं.

आत एक आकडा बघून काकूंचे डोळे मोठे झाले. कमाल मर्यादा म्हणून भलतीच मोठी रक्कम लिहिलेली होती. "एवढे जाणार?" नाही. ती फक्त वरची मर्यादा, जाणार तेवढेच जेवढ्याचं सदस्यत्व आहे. पण परवानगी देताना हा आकडा वाचायची सवय ठेवा. नेहमीच्या सदस्यत्वांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचा हप्ता दरवेळी पिन न विचारता जाऊ शकतो.

चुकीची ओळ रद्द झाली तर? पंचवटीतले एक निवृत्त गुरुजी. त्यांनी घरीच उत्साहानं Autopay मधली "ती मोबाइलवाली" ओळ उडवली. चालू रिचार्जला त्यामुळे काहीच झालं नाही, कारण पैसे भरून झालेले होते. म्हणूनच चूक लक्षात आली नाही. दीड महिन्यानं मुदत संपली, पुढचं रिचार्ज आपोआप झालं नाही, आणि गॅस बुक करताना फोन लागेना. सिनेमाचे पैसे मात्र मधल्या काळात इमानदारीनं जात होते. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात, इथे तर सुकं राहिलं आणि ओलंच जळलं. उपाय सोपा होता, रिचार्ज मारलं, फोन चालू झाला. पण नंबर बँकेला जोडलेला असेल तर दोन दिवस बंद फोन परवडत नाही.

कुणी म्हणेल, STOP लिहून पाठवलं की झालं ना? १५५२२३ या नंबरवर STOP पाठवून बंद होतात त्या कॉलर ट्यून, ज्योतिष, जोक वगैरे सेवा, ज्या तुमच्या मोबाइलच्या शिलकीतून पैसे कापतात. ते मोफत आहे, त्यानं रिचार्जही जात नाही. पण तुमच्या बँकेतून जाणाऱ्या सिनेमाच्या १४९ ला तो मेसेज शिवतसुद्धा नाही. दोन वेगळ्या थैल्या आहेत. पैसे कुठल्या थैलीतून गेले ते बँकेच्या मेसेजवरून ओळखा. बँकेचा मेसेज आला असेल तर Autopay बघा. बँकेचा मेसेज नाही आणि मोबाइलची शिल्लक घटतेय, तर STOP. आणि कंपनीला फोन करायचाच असेल तर त्याच सिमवरून १९८ लावा. गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधू नका, आणि तिकडून कुणी स्क्रीन दाखवायचं ॲप घ्यायला सांगितलं तर फोन ठेवून द्या.

आता पुढच्या रिचार्जचं. कोथिंबीर मुळात नकोच असेल, तर तिच्याशिवायची जुडी निवडायची ती रिचार्जच्या वेळी. पुष्कळांना घरी वायफाय आहे, मोबाइल फक्त बोलायला लागतो. मोबाइल कंपन्यांसाठी नियम करणाऱ्या ट्रायनं २३ डिसेंबर २०२४ ला नियम बदलून कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएस असलेला निदान एक पॅक ठेवायला लावला, त्याची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. पण त्यात डेटा अजिबात नसतो. भाजी घेताना रस्त्यात यूपीआय करायचं असेल तर अडाल. इंटरनेटशिवाय पैसे पाठवायला *99# ची सोय आहे, तरी भाजीवालीसमोर रांगेत उभं राहून ते मेनू दाबायला माझाही धीर होत नाही. अशांनी डेटा असलेला पण ॲप नसलेला पॅक मागावा. दुकानदार आपणहून दाखवेलच असं नाही, मी माझ्यासकट सांगतो.

काकूंचं काय झालं? त्याच संध्याकाळी सिनेमाची परवानगी यादीतून गेली, रिचार्जची राहिली. १२ तारीख कोरडी गेली, बँकेचा मेसेज नाही. टीव्हीवरचं ॲप ११ तारखेपर्यंत चाललं, कारण तेवढ्याचे पैसे दिले होते. १३ ला काकूंचा फोन, "अरे, तू बंद केलंस म्हणालास, पण मोबाइलवर माझी मालिका अजून दिसतेय!" म्हटलं, काकू, ती कोथिंबीर आहे, २५ ऑगस्टपर्यंत खा.