डेकॅलिन: एक उलटतं, दुसरं अडून बसतं

[पडद्यावर: काचेच्या चंबूत रंगहीन द्रव]

हे डेकॅलिन. नॅफ्थलिनच्या दोन्ही कड्यांना भरपूर हायड्रोजन जोडला की हा द्रव तयार होतो. सूत्र C₁₀H₁₈. साध्या बाटलीत बहुतेक वेळा दोन संयुगांचं मिश्रण असतं. दोघांमध्ये कोणता अणू कोणाला जोडलेला आहे, ते अगदी सारखं. तरी एक साधारण 196 अंश सेल्सियसला उकळतं, दुसरं 187 ला. पहिलं सिस, दुसरं ट्रान्स.

अशी दोन डेकॅलिनं असायला हवीत, हे अर्न्स्ट मोर यांनी 1918 साली मॉडेलांच्या आधारे सांगितलं होतं. त्यांचा आधार होता हेरमान साक्से यांचं 1890 चं म्हणणं: सहा कार्बनांचं कडं सपाट नसतं, दुमडलेलं असतं. त्या वेळी ते फारसं कुणी मनावर घेतलं नव्हतं. 1925 मध्ये वाल्टर ह्युकेल यांनी दोन्ही डेकॅलिनं खरोखर वेगळी करून दाखवली, आणि सपाट कड्याची कल्पना टिकणं अवघड झालं.

[पडद्यावर: सायक्लोहेक्झेनचं चेंडू-काडी मॉडेल, दोन हात ते फिरवताहेत]

आधी एकच कडं घेऊ. सायक्लोहेक्झेनचा स्थिर आकार म्हणजे चेअर. प्रत्येक कार्बनवर कड्याबाहेर जाणारे दोन बंध: एक सरळ वर किंवा खाली, तो अ‍ॅक्सियल, दुसरा कडेला झुकलेला, तो इक्वेटोरियल. कड्याचं एक टोक खाली दाबा, समोरचं वर उचला. चेअर उलटते. जे बंध अ‍ॅक्सियल होते ते सगळे इक्वेटोरियल होतात, आणि इक्वेटोरियल होते ते अ‍ॅक्सियल. खोलीच्या तापमानाला हे सेकंदाला लाखभर वेळा घडतं. काहीही तुटत नाही.

[पडद्यावर: दोन डेकॅलिन मॉडेलं शेजारी शेजारी]

डेकॅलिनमध्ये अशी दोन कडी एक बंध वाटून घेतात. या सामायिक बंधाच्या दोन्ही टोकांच्या कार्बनांवर एकेक हायड्रोजन असतो. दोन्ही हायड्रोजन एकाच बाजूला असले तर सिस, विरुद्ध बाजूंना असले तर ट्रान्स. आता दोन्ही मॉडेलं हातात घ्या आणि उलटवून पाहा. सिस थोडं कुरकुरतं आणि उलटतं. ट्रान्स उलटत नाही. जोर लावला तर काडी निसटते, आणि आपण समजतो की मॉडेलच स्वस्तातलं आहे. मॉडेलचा दोष नाही. का, ते पाहायला डोळा योग्य जागी न्यावा लागतो.

[पडद्यावर: कॅमेरा सामायिक बंधाच्या रेषेत येतो, पुढचा कार्बन मागच्याला झाकतो]

सामायिक बंधाच्या अगदी रेषेत पाहू. पुढच्या कार्बनवरून तीन फाटे निघताना दिसतात: एक पहिल्या कड्याचा, एक दुसऱ्या कड्याचा, एक हायड्रोजनचा. मागच्या कार्बनवरूनही तेच तीन. घड्याळाची तबकडी डोळ्यांसमोर आणा. पुढचे फाटे 12, 4 आणि 8 वर ठेवू: पहिलं कडं 12 वर, दुसरं 4 वर, हायड्रोजन 8 वर. मागच्या कार्बनचे फाटे मधल्या जागांवर बसतात, म्हणजे 2, 6 आणि 10 वर.

नियम एकच. एका कड्याचे पुढचा आणि मागचा असे दोन्ही फाटे तबकडीवर साधारण दोन तासांच्या, म्हणजे 60 अंशांच्या अंतरात असायला हवेत. कारण त्या दोन टोकांना उरलेल्या दोनच कार्बनांनी जोडून कडं पुरं करायचं असतं. टोकं एकमेकांच्या थेट विरुद्ध गेली, तर दोन कार्बन ती सांधूच शकत नाहीत.

[पडद्यावर: ट्रान्सची तबकडी, फाटे रंगांत]

ट्रान्समध्ये मागचे फाटे असे बसतात: पहिलं कडं 10 वर, दुसरं 6 वर, हायड्रोजन 2 वर. तपासून घेऊ. पहिलं कडं 12 आणि 10, ठीक. दुसरं 4 आणि 6, ठीक. हायड्रोजन 8 आणि 2, अगदी विरुद्ध. पण हायड्रोजनांना कुणी जोडलेलं नाही, त्यांना मुभा आहे.

आता पहिलं कडं उलटवायचं. म्हणजे त्याचा मागचा फाटा 10 वरून 2 वर न्यायचा. मागचा कार्बन एकसंध आहे, त्याचे तिन्ही फाटे एकत्र फिरतात. म्हणून दुसऱ्या कड्याचा मागचा फाटा 6 वरून 10 वर जातो. त्याचा पुढचा फाटा मात्र 4 वरच आहे. 4 आणि 10: थेट समोरासमोर. दुसरं कडं इथे तुटायलाच हवं. म्हणून ट्रान्स उलटत नाही. वाट चढाची आहे म्हणून नव्हे, पलीकडे पोहोचायला जागाच नाही म्हणून.

[पडद्यावर: सिसची तबकडी]

सिसमध्ये मागच्या कार्बनवर फाट्यांचा क्रम वेगळा: पहिलं कडं 10 वर, दुसरं 2 वर, हायड्रोजन 6 वर. दोन्ही कडी दोन-दोन तासांच्या अंतरात. मागचा कार्बन तसाच फिरवा. पहिलं कडं 2 वर येतं, दुसरं 6 वर, हायड्रोजन 10 वर. पहिलं 12 आणि 2, दुसरं 4 आणि 6. दोन्ही पुन्हा दोन तासांवर. दोन्ही कडी एकदम उलटली, काहीही ताणलं नाही. नवा आकार जुन्याचा आरशातला जोडीदार असतो, आणि दोघांची ऊर्जा सारखीच.

चेअरच्या भाषेत: ट्रान्समध्ये एका कड्याचे दोन्ही फाटे दुसऱ्यावर इक्वेटोरियल असतात, उलटवलं तर दोन्ही अ‍ॅक्सियल, एक वर आणि एक खाली. सिसमध्ये एक अ‍ॅक्सियल, एक इक्वेटोरियल; उलटवल्यावर अदलाबदल होते, इतकंच. उत्तरपत्रिकेत ट्रान्स डेकॅलिनच्या चेअरवर जोडावरचे हायड्रोजन इक्वेटोरियल दिसले, की चित्र चुकलं हे लगेच ओळखावं.

[पडद्यावर: कार्बन एनएमआरचे आलेख]

हे मोजताही येतं. कार्बन एनएमआर या मोजणीत प्रत्येक तऱ्हेच्या कार्बनची वेगळी रेषा येते. तिथे ट्रान्सच्या दहा कार्बनांच्या फक्त तीन रेषा दिसतात, तापमान कितीही बदला. सिस एका आकारात थांबलं तर पाच रेषा दिसायला हव्यात, कारण जोडाशेजारचे चार कार्बन दोन तऱ्हांचे होतात आणि बाहेरचे चारही. पण खोलीच्या तापमानाला ते सेकंदाला काही हजार वेळा उलटतं, म्हणून सरासरी होऊन तीनच रेषा येतात. योग्य द्रावकात उणे 50 अंशांपर्यंत थंड केलं की हा वेग सेकंदाला मोजक्या वेळांवर येतो आणि पाच रेषा सुट्या होतात. उलटण्याचा अडथळा मोलमागे सुमारे 12 किलोकॅलरी, साध्या सायक्लोहेक्झेनपेक्षा थोडासा जास्त.

ताठ म्हणजे कमी स्थिर, असा मात्र अर्थ काढू नका. उलट ट्रान्सच सुमारे 2.7 किलोकॅलरींनी खालच्या पातळीवर आहे. सिसमध्ये दोन कडी तीन ठिकाणी एकमेकांच्या अंगावर येतात, आणि प्रत्येक ठिकाणी सुमारे 0.9 ची भर पडते. शिवाय ट्रान्स अगदी दगडासारखंही नाही. त्याचं कडं मुरडून बोट, म्हणजे होडीसारख्या आकारात जाऊ शकतं. फक्त दुसऱ्या चेअरपर्यंत पोहोचत नाही.

[पडद्यावर: कोलिक अ‍ॅसिडची चार कडी]

शेवटी एक फसवी जागा. पित्तातल्या कोलिक अ‍ॅसिडमध्ये पहिली दोन कडी सिस जोडलेली असतात. मग तीही उलटत असतील? नाही. दुसरं कडं तिसऱ्याशी ट्रान्स जोडलेलं आहे, त्यामुळे ते स्वतः उलटू शकत नाही. आणि सिस जोडात उलटायचं तर दोन्ही कड्यांनी एकदम उलटावं लागतं.