मैदान भरण्याआधी: मोठ्या मेळाव्यातील वाहनतळाचे नियोजन

श्रोतेहो, नमस्कार.

मोठ्या मेळाव्याला येणाऱ्या गाड्या उभ्या कुठे करायच्या, या एकाच प्रश्नाबद्दल मी आज बोलणार आहे. प्रश्न सोपा दिसतो, कारण आजकाल आयोजक आधीच नोंदणी करून घेतात आणि किती गाड्या येणार, हा आकडा कार्यक्रमाच्या चार दिवस अगोदर त्यांच्या हातात असतो. तरीही सकाळी साडेनऊला मैदानाच्या फाटकापासून रस्त्यावर गाड्यांची रांग लागते आणि जादा मैदान मात्र रिकामे पडलेले असते. मी शिट्टी घेऊन अशा फाटकांवर अनेकदा उभा राहिलो आहे. जागा कमी असल्यामुळे हे क्वचितच घडते. जादा मैदानाकडे गाड्या वळवण्याचा निर्णय उशिरा आणि चुकीच्या ठिकाणी घेतला जातो, हे त्याचे नेहमीचे कारण असते.

आपण एक उदाहरण धरून चालू. समजा, एका मेळाव्यासाठी मोटारींच्या 760 नोंदी आल्या आहेत. पहिले काम म्हणजे त्या नोंदींतील दुबार नोंदी काढणे. एकाच घरातून पतीनेही अर्ज भरलेला असतो आणि पत्नीनेही, पण गाडी एकच असते. म्हणून अर्जात ‘किती जण येणार’ हे विचारून भागत नाही, गाडीचा क्रमांकही मागावा लागतो. क्रमांकानुसार यादी लावली की दुबार नावे आपोआप शेजारी येतात. आपल्या यादीतून अशी 60 नावे गळाली आणि 700 गाड्या उरल्या, असे मानू.

आता मैदान पाहू. ते 160 मीटर लांब आणि 120 मीटर रुंद आहे. चारही बाजूंनी पाच-पाच मीटर सोडले की 150 बाय 110 मीटर उरतात. मोटारीला अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा लागते आणि समोरासमोरच्या दोन रांगांमध्ये गाडी वळवायला सहा मीटरची वाट लागते. म्हणजे पाच, सहा आणि पाच मिळून 16 मीटरचा एक पट्टा होतो. 150 मीटरमध्ये असे 9 पट्टे, म्हणजे 18 रांगा बसतात. प्रत्येक रांगेच्या 110 मीटरपैकी 10 मीटर आडव्या वाटेसाठी सोडले, तर उरलेल्या 100 मीटरमध्ये 40 गाड्या आणि एकूण 720 गाड्या मावतात.

नोंदी 700 आणि जागा 720, तेव्हा वीस जागा शिल्लकच आहेत, असे म्हणून बैठक इथेच संपते. माझ्या मते ही नियोजनातली सर्वांत महागडी घाई आहे, कारण यातले दोन्ही आकडे कागदावरचे आहेत.

जागेचा आकडा आधी तपासू. डांबरावर रंगवलेल्या रेषा असतील, तर माणूस अडीच मीटरमध्ये गाडी लावतो. मोकळ्या मैदानावर तो शेजारच्या गाडीचे दार उघडेल की नाही, याचा अंदाज घेत जरा दूर थांबतो आणि प्रत्येक गाडी सरासरी 2.7 मीटर अडवते. मग 100 मीटरच्या रांगेत 40 ऐवजी 37 गाड्या बसतात. रांगेमागे तीनच गाड्या कमी झाल्या, पण 18 रांगांत मिळून 54 गाड्यांची जागा गेली आणि 720 चे 666 झाले. फक्की मारून रेषा आखल्या आणि प्रत्येक भरत्या रांगेच्या तोंडाशी हाताने जागा दाखवणारा स्वयंसेवक ठेवला, तर यातला बराच भाग परत मिळतो. तरी हिशेब 666 चाच धरावा.

आता नोंदींकडे वळू. नोंदणी केलेले सगळे येत नाहीत आणि आलेल्या सगळ्यांनी नोंदणी केलेली नसते. हे दोन्ही परिणाम परस्परांना छेद देतात, म्हणून नोंदणीचा आकडा कधी कधी अचूक ठरल्यासारखा वाटतो आणि फसवतो. तुमच्याकडे मागच्या मेळाव्याची मोजणी असेल, तर तिचेच प्रमाण घ्यावे. समजा, तेव्हा नोंदणी झालेल्या 100 गाड्यांपैकी 85 आल्या होत्या आणि नोंदणी करून आलेल्या दर पाच गाड्यांमागे आणखी एक बिननोंदणीची गाडी आली होती. तर 700 पैकी 595 येतील, त्यांच्यासोबत 119 बिननोंदणीच्या येतील आणि एकूण 714 होतील. हा झाला मधला अंदाज. वरचा अंदाजही मांडून ठेवावा: 92 टक्के आल्या आणि दर चारांमागे एक बिननोंदणीची आली, तर 644 अधिक 161, म्हणजे 805. यातून 666 वजा केले की 139 गाड्या जादा मैदानावर जाणार, हे कळते. मधल्या अंदाजानेही 48 गाड्या तिकडे जातातच. याचा अर्थ जादा मैदान ‘लागलेच तर’ उघडायचे नसून ते त्या दिवशी लागणारच आहे.

त्यात पावसाची भर घाला. मैदानाच्या सखल टोकाचे दोन पट्टे चिखलाने बाद झाले, तर चार रांगा, म्हणजे 148 गाड्यांची जागा जाते. 139 आणि 148 मिळून 287, म्हणून जादा मैदान 300 गाड्यांचे हवे. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल, तर भरलेली मोटार त्या टोकावर एकदा फिरवून पाहावी. चाके घसरली, तर त्या चार रांगांसमोर दोरी बांधून त्या बंद कराव्यात, कारण रुतलेली एक गाडी मागची सगळी रांग अडवते.

आता मुख्य मुद्दा. जादा मैदानाकडे गाड्या केव्हा वळवायच्या? ‘पहिले भरले की’ हे उत्तर चूक आहे. मेळावा दहाला सुरू होणार असेल आणि 714 पैकी 60 टक्के गाड्या नऊ ते दहा या तासात येणार असतील, तर त्या तासाला सुमारे 430, म्हणजे मिनिटाला सात गाड्या येतात. ज्या फाट्यावरून दोन्ही मैदानांचे रस्ते वेगळे होतात, तो फाटकापासून दीड किलोमीटर अलीकडे आहे, असे धरू. गर्दीत ताशी 15 किलोमीटर वेगाने ते अंतर कापायला सहा मिनिटे लागतात. वॉकीटॉकीवर निरोप पोहोचणे, फाट्यावरचा फलक फिरवणे आणि तिथल्या माणसांनी जागा बदलणे, यात आणखी चार मिनिटे जातात. या दहा मिनिटांत 70 गाड्या मुख्य मैदानाच्या वाटेला लागलेल्या असतात आणि त्यांना कोणीही परत बोलावू शकत नाही. म्हणून निरोप 666 व्या गाडीला न देता उशिरात उशिरा 596 व्या गाडीला द्यावा लागतो. मोजणीतली चूक आणि वाकड्यातिकड्या लावलेल्या गाड्या यांसाठी आणखी चाळीसेक गाड्यांची सूट ठेवली, तर आकडा 555 वर येतो.

हा आकडा मी मुद्दाम घेतला आहे, कारण 37 गाड्यांच्या 15 रांगा म्हणजे बरोबर 555. आता फाटकावर कोणी वहीत रेघोट्या मारत बसण्याची गरज उरत नाही. रांगा फाटकापासून सर्वांत दूरच्या टोकाकडून, एकेक पूर्ण करीत भरायच्या आणि पंधराव्या रांगेच्या शेवटी एक लाल झेंडा रोवून ठेवायचा. झेंड्याजवळ गाडी लागली की तिथल्या स्वयंसेवकाने फाट्यावर कळवायचे. कोणाची परवानगी विचारायची नाही. सखल चार रांगा बंद असतील, तर झेंडा सकाळीच अकराव्या रांगेशी न्यायचा. एकदा एका मैदानावर प्रमुख आयोजक सापडेपर्यंत आम्ही वीस मिनिटे वाट पाहिली होती आणि तेवढ्या वेळात फाटकासमोरच्या अरुंद रस्त्यावर उलट फिरू पाहणाऱ्या गाड्यांनी येणाऱ्यांचीही वाट बंद केली होती. ती कोंडी सुटायला तास लागला.

फाटकाबद्दल एवढेच सांगतो. पास पाहायला प्रत्येक गाडीमागे 12 सेकंद लागत असतील, तर एका वाटेने मिनिटाला पाच गाड्या आत जातात आणि येतात सात. दर मिनिटाला दोन गाड्या बाहेर तुंबतात. तासाभरात 120 होतात आणि गाडीमागे सात मीटर धरले, तर रांग 840 मीटर लांब जाते. अशी रांग पाहून लोकांना वाटते की मैदान भरले आहे, आणि आत तर अजून रांगा रिकाम्या असतात. म्हणून आत शिरण्याच्या वाटा दोन ठेवाव्यात किंवा पास फाटकावर पाहूच नये.

पास नसलेल्या गाड्या पहिल्यापासूनच जादा मैदानाकडे पाठवाव्यात, असे काही जण सुचवतात. हिशेबाने ते बरोबर आहे, कारण नोंदणीच्या जास्तीत जास्त 644 गाड्या 666 मध्ये मावतात. मात्र त्यासाठी पास काचेवर लावलेला मोठा रंगीत कागद हवा, जो फाट्यावरचा माणूस गाडी चालत असतानाच वीस पावलांवरून ओळखू शकेल. फोनवर दाखवायचा पास असेल, तर हा बेत सोडून द्यावा. भर रस्त्यावर गाडी थांबवून फोन उघडून पाहणे म्हणजे फाटकावरची रांग फाट्यावर नेणे होय. सखल रांगा बंद झाल्या, तरी हा हिशेब मोडतो आणि झेंड्याचीच पद्धत वापरावी लागते.

बसगाड्यांची नोंदणी बहुधा खरी निघते, कारण बस आधी ठरवावी लागते. त्यांना पक्क्या जमिनीची वेगळी जागा द्यावी. दुचाक्या फाटकाजवळच, पण वेगळ्या वाटेने आत घ्याव्यात. रुग्णवाहिकेची वाट दोरी लावून मोकळी ठेवावी आणि ती जागा कधीही क्षमतेत धरू नये.

परतीच्या वेळी गाड्या तासाभरात विभागून निघत नाहीत, तर जवळजवळ सगळ्या एकदम निघतात. म्हणून जादा मैदानाची बाहेरची वाट मुख्य मैदानाच्या वाटेला मिळणार नाही, हे जागा निवडतानाच पाहावे. तिथून मंडपापर्यंत चालत येणाऱ्यांच्या वाटेवर अंधार पडण्याआधी दिवे लागलेले असावेत.

आणि फाट्यावर दोन माणसे मोजणीसाठी बसवा. एकाने पास असलेल्या गाड्या मोजाव्यात आणि दुसऱ्याने पास नसलेल्या, दर पंधरा मिनिटांचा आकडा वेगळा लिहून. वर मी जे 85 टक्के, पाचांमागे एक आणि शेवटच्या तासात 60 टक्के असे धरून चाललो, ते तुमच्या मेळाव्यासाठी किती आहेत, हे त्या दोन कागदांवरच सापडेल. ते कागद संध्याकाळी आवराआवरीत हरवू देऊ नका.

नमस्कार.