कण्याची जाडी: दोनशे पानं आणि दोन कागद

(दृश्य: छत्रपती संभाजीनगर. डीटीपीचं दुकान. संगणकाच्या पडद्यावर एक कव्हर उघडं आहे.)

निवेदन:
पडद्यावर दिसतंय ते एका निवृत्त गुरुजींच्या पुस्तकाचं कव्हर. गुरुजी अंबाजोगाईकडचे. १९७२ च्या दुष्काळातल्या आठवणी त्यांनी लिहून काढल्यात. मुखपृष्ठावर कोरड्या विहिरीचा फोटो आहे, मलपृष्ठावर चार ओळींचा मजकूर. दोन्ही बाजू तयार आहेत. मधली उभी पट्टी, म्हणजे पुस्तकाचा कणा, मात्र अजून रिकामी आहे. दुकानात तिला सगळे स्पाइनच म्हणतात.

कव्हर करणाऱ्या ताई फोनवर विचारतात, "गुरुजी, पानं किती म्हणायलाव?"

"एकशे सत्त्याऐंशी."

हा आकडा मजकुराचा आहे. त्याच्याआधी शीर्षकपान, श्रेयनामावली, अर्पणपत्रिका, मनोगत आणि अनुक्रम अशी आठ पानं लागतात. झाली १९५. छपाई फॉर्ममध्ये होते आणि या प्रेसमध्ये एक फॉर्म १६ पानांचा. बारा फॉर्मांत १९२ पानं बसतात आणि तीन उरतात. त्यासाठी प्रेस अर्धा फॉर्म आणखी छापणार. साडेबारा फॉर्म म्हणजे २००. शेवटची पाच पानं कोरी जातील, पण कोऱ्या पानालाही जाडी असतेच. म्हणून हिशोबात १८७ नाही, १९५ही नाही, २०० धरायचे. एका कागदाच्या दोन बाजू म्हणजे दोन पानं, तेव्हा कागद झाले १००.

(दृश्य: टेबलावर कोऱ्या कागदांची चळत. कडा ठोकून सारख्या करणारे हात.)

निवेदन:
आता एका कागदाची जाडी हवी. प्रेसचं कोटेशन पाहिलं, तर तिथं लिहिलंय, "७० जीएसएम". बरेचजण इथंच फसतात. जीएसएम हे कागदाचं वजन आहे: एक चौरस मीटर कागद किती ग्रॅम भरतो, एवढंच ते सांगतं. जाडी त्यावरून ठरत नाही. कागदाचा लगदा किती दाबलाय, त्यात हवा किती राहिलीय, यावर ती ठरते. घट्ट दाबलेला गुळगुळीत कागद वजनाला तेवढाच असूनही पातळ लागतो.

म्हणून ताईंनी प्रेसमधून त्याच कागदाचे शंभर ताव आणवलेत. साधा पांढरा मॅप्लिथो, ७० जीएसएम. चळतीवर एक जड पट्टी ठेवून ती दाबायची आणि मग कडेला व्हर्नियर लावायचा. न दाबता मोजलं तर कागदांमधली हवाही मोजली जाते आणि आकडा फुगतो. बाइंडिंगच्या वेळी पुस्तक शिकंज्यात आवळलेलं असतं, तिथं ही हवा उरत नाही.

(दृश्य: व्हर्नियरचा जबडा कागदाच्या कडेवर. आकडा स्पष्ट दिसतो.)

निवेदन:
९ मिलिमीटर. शंभर कागदांना नऊ, म्हणजे एकाला ०.०९. एकच कागद मोजण्यापेक्षा शंभर मोजून भागणं बरं, कारण मोजताना झालेली चूकही शंभराने भागली जाते.

यात कव्हरची जाडी मिळवायची. ३०० जीएसएमचं आर्ट कार्ड लॅमिनेशनसकट जवळपास ०.३ मिलिमीटर भरतं. पुढून एक, मागून एक, मिळून ०.६. कणा झाला ९.६.

पुस्तक डेमी आकाराचं आहे, १४० बाय २१६ मिलिमीटर. मलपृष्ठ १४०, कणा ९.६, मुखपृष्ठ १४०, बेरीज २८९.६. चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापून जाणारी जादा छपाई, सोडायचं, कारण कटिंगच्या वेळी पातं केसभर इकडं-तिकडं झालं तर पांढरी किनार दिसू नये. म्हणजे फाइल २९५.६ बाय २२२.

(दृश्य: कोरलड्रॉ. दोन निळ्या उभ्या रेषा, मधे अरुंद पट्टी.)

निवेदन:
९.६ मिलिमीटरची पट्टी असली तरी अक्षरांना ती सगळी मिळत नाही. कव्हर दुमडताना घडी मिलिमीटर-दीड मिलिमीटर सरकतेच, कारागीर कितीही हुशार असो. दोन्ही कडांना दीड-दीड सोडलं की उरतात ६.६. मराठीत ही जागा आणखी झपाट्याने संपते. 'स्फूर्ती' हा एकच शब्द घ्या: डोक्यावर रफार आणि वेलांटी, खाली दीर्घ ऊकार. इंग्रजी शीर्षक ज्या मापात ऐसपैस बसतं, त्या मापात आपली वेलांटी घडीवर चढते. म्हणून ताई फॉन्टच्या आकड्यावर विसंबत नाहीत. ६.६ मिलिमीटरचा चौकोन काढतात आणि शीर्षकातलं सगळ्यात उंच आणि सगळ्यात खोल अक्षर त्यात बसेपर्यंत मजकूर लहान करत जातात.

मजकूर वरून खाली वाचायचा की खालून वर, यावर मराठीत एकमत नाही. कपाटात दोन्ही सापडतात. ताई वरून खाली ठेवतात. पुस्तक मुखपृष्ठ वर करून टेबलावर ठेवलं, की नाव सरळ वाचता येतं.

गुरुजींना कणा गडद तपकिरी हवा होता, दोन्ही घड्यांवर धारदार कड असलेला. दिसायला तो छानच दिसतो. पण घडी जरा सरकली की मुखपृष्ठाच्या कडेला तपकिरी रेघ उमटते, आणि हजार प्रतींपैकी थोड्याफार प्रतींत तरी ती दिसणारच. त्याऐवजी फोटोतल्या मातीचाच रंग कण्यावरून मलपृष्ठापर्यंत नेला, तर सरकलेलं कुणाला कळत नाही. गुरुजी जरा नाराज झाले, पण ताई म्हणतात तेच इथं योग्य.

(दृश्य: फोन वाजतो. प्रेसमधला आवाज.)

निवेदन:
फाइल पाठवायच्या दिवशी प्रेसमधून निरोप आला: मॅप्लिथो संपलाय, त्याच भावात क्रीम रंगाचा बल्की देतो. तोही ७० जीएसएमच. गुरुजी खूश, कारण या कागदावर डोळ्यांना त्रास होत नाही आणि पुस्तकही भरदार दिसतं.

ताईंनी नव्या कागदाचे शंभर ताव मागवले आणि पट्टीखाली दाबून मोजले. १२ मिलिमीटर. वजन तेच, पानं तेवढीच, आणि कणा ९.६ वरून १२.६ वर गेला.

(दृश्य: दोन चळती शेजारी शेजारी. एक ठळकपणे उंच.)

निवेदन:
जुनीच फाइल गेली असती तर काय झालं असतं? घडी दोन्हीकडे दीड-दीड मिलिमीटर बाहेर पडली असती. पुढून विहिरीच्या फोटोची कड कण्यावर वळली असती, मागून मलपृष्ठाची. एवढी कड आत गेल्यामुळे बाहेरच्या बाजूला तीनपैकी जेमतेम दीड मिलिमीटर ब्लीड उरलं असतं. कारागिराने एकाच घडीचा मेळ घातला असता, तर पूर्ण ३ मिलिमीटरची तूट दुसऱ्या बाजूला गेली असती आणि तिथं ब्लीड संपलंच असतं.

दुरुस्ती करताना कव्हर ताणून रुंद करायचं नाही. ताणलं की फोटो आणि अक्षरं दोन्ही बेढब होतात. मुखपृष्ठ जागेवर ठेवायचं, मलपृष्ठाचा सगळा गट ३ मिलिमीटर डावीकडे सरकवायचा आणि मधे आलेली फट पार्श्वभूमीच्या रंगाने भरायची. कण्यावरचं नाव नव्या पट्टीच्या मध्यावर घ्यायचं. फाइल आता २९८.६ बाय २२२. अक्षरांना ९.६ मिळतात, तेव्हा नाव जरा मोठं करता येतं. सगळ्यात शेवटी Ctrl+Q दाबून मजकुराचे कर्व्ह, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार, करायचे, म्हणजे प्रेसच्या संगणकावर तो फॉन्ट नसला तरी अक्षरं तुटत नाहीत.

(दृश्य: फाइलसोबत जाणारी चिठ्ठी.)

निवेदन:
फाइलसोबत ताई दोन ओळी लिहून पाठवतात: "२०० पानं, बल्की ७०, कणा १२.६ मि.मी. कागद बदलला तर छापण्याआधी कळवा." शिवाय एक मागणी असते, ती मात्र प्रत्येक प्रेस मान्य करतं असं नाही: त्याच कागदाची दोनशे पानांची कोरी डमी बांधून पाठवा. हा ठोकळा हातात आला की कव्हरचा प्रिंट त्याच्याभोवती गुंडाळून घडी कुठं पडते ते पाहायचं. धाग्याने शिवलेलं पुस्तक असेल तर अशी डमी हवीच, कारण शिलाईच्या धाग्याने पाठ फुगते आणि ती किती फुगेल हे शंभर कागद मोजून कळत नाही.